आट्रियममधील धूर-निष्कासनाच्या अटीतून सूट मिळण्याबाबत

दिनांक: १२ जून २०२५

प्रति,
मा. मुख्य अग्निशमन अधिकारी,
अग्निशमन विभाग

विषय: सार्वजनिक ग्रंथालय इमारतीच्या आट्रियमसाठी तासाला ६ वायुबदलांऐवजी गणिताने ठरवलेल्या २८.४ घनमीटर प्रति सेकंद निष्कासनास मान्यता मिळण्याबाबत.

महोदय,

या इमारतीच्या धूर-नियंत्रण यंत्रणेची रचना माझ्याकडे आहे. आपण दिलेल्या तात्पुरत्या ना-हरकत पत्रातील अट क्र. १४ प्रमाणे आट्रियममधून तासाला ६ वायुबदल होतील इतकी हवा खेचायची आहे. आट्रियम ४२ मीटर लांब, २४ मीटर रुंद आणि २१ मीटर उंच आहे, म्हणजे आकारमान २१,१६८ घनमीटर. त्या हिशेबाने ३५.३ घनमीटर प्रति सेकंद लागतात. मी २८.४ ची परवानगी मागत आहे. आकडा कमी दिसतो, म्हणून त्यामागचे कारण आधी सांगतो.

पंखे जेवढी हवा वरून खेचतात, तेवढी खालून आत यावी लागते. या इमारतीत ती येण्याचे मार्ग ठरलेले आहेत: तळमजल्याचे चार दुहेरी दरवाजे, प्रत्येकी २.४ बाय २.५ मीटर, आणि आपोआप उघडणारे ५ चौरस मीटरचे लूव्हर. एकूण मोकळे क्षेत्र २९ चौरस मीटर. भोवतालच्या भिंती भार वाहणाऱ्या आहेत. नवे भगदाड पाडायला संरचना अभियंत्यांनी लेखी नकार दिला असून ते पत्र सोबत जोडले आहे. आता ३५.३ खेचले, तर दारांतून हवा १.२२ मीटर प्रति सेकंद वेगाने आत घुसेल. एनएफपीए ९२ मध्ये आगीच्या धूरस्तंभापर्यंत पोहोचणाऱ्या हवेसाठी १.०२ ची मर्यादा आहे, कारण त्याहून वेगवान झोत स्तंभाला वाकवतो, धुरात जास्त हवा मिसळते आणि थर खाली उतरतो. २८.४ ला हा वेग ०.९८ राहतो.

हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. दुसऱ्या एका इमारतीच्या चाचणीत दोनच दारे उघडी होती आणि पंखे मात्र पूर्ण क्षमतेने चालू होते. चाचणीचा पांढरा धूर सरळ वर जाण्याऐवजी दाराच्या झोताने आडवा झाला आणि मिनिटभरात आमच्या डोक्याच्या उंचीवर आला. कागदावर तिथले वायुबदल नियमापेक्षा जास्तच होते.

आता प्रत्यक्ष गरज किती ते पाहू. पहिल्या मजल्याची गॅलरी तळापासून ४.५ मीटरवर आहे आणि ती आट्रियमला उघडी आहे. तिथे चालणाऱ्या माणसाच्या डोक्यावर धूर राहावा म्हणून स्वच्छ उंची ६.५ मीटर धरली. त्यावरचे मजले धूररोधक काचेने बंद आहेत. आगीची तीव्रता २ मेगावॅट, त्यातील ७० टक्के उष्णता धुराबरोबर वर जाणारी, बाहेरचे तापमान ३१ अंश.

```
m = 0.071 Qc^(1/3) z^(5/3) + 0.0018 Qc
Qc = 1400 kW, z = 6.5 m
m  = 20.5 kg/s
dT = Qc/(m cp) = 68 K
V  = m T/353 = 20.5 x 372/353 = 21.6 m3/s
```

भिंतींना आणि छताला जाणारी उष्णता वजा केलेली नाही. ती केली असती तर धूर थंड आणि आकारमानाने लहान झाला असता, म्हणजे आकडा आणखी खाली आला असता. तीव्रता ३ मेगावॅट धरली तर गरज २६.९ होते. २८.४ मध्ये तीही बसते. प्रत्येकी १४.२ क्षमतेचे तीन पंखे असतील. दोन चालतील, तिसरा राखीव असेल आणि दोनपैकी एक बंद पडताच आपोआप सुरू होईल. तिन्ही पंखे ३०० अंशांत २ तास चालण्यास प्रमाणित असतील.

५ मेगावॅटचे काय, हा प्रश्न आपण विचाराल आणि तो रास्त आहे. तेव्हा ३६.४ लागतात. माझा पंखा तिथे कमी पडतो, पण ३५.३ चाही पडतो. म्हणून आग २ ते ३ मेगावॅटच्या आत ठेवणे हाच खरा उपाय आहे. २१ मीटरवरच्या स्प्रिंकलरचा इथे भरवसा नाही आणि मी त्याचा कोणताही फायदा गणितात घेतलेला नाही. त्याऐवजी बैठकांचे गट एकमेकांपासून किमान ४ मीटर दूर राहतील. ३ मेगावॅटच्या आगीतून पेटण्याजोग्या वस्तूवर १० किलोवॅट प्रति चौरस मीटर इतकी उष्णता सुमारे २.७ मीटरपर्यंतच पोहोचते. प्रदर्शनासाठी तात्पुरते स्टॉल, कागदी सजावट किंवा पुस्तकांचे ढीग आट्रियममध्ये मांडता येणार नाहीत. ही बंदी व्यवस्थापनाने लेखी मान्य केली आहे. ती मोडली गेली तर हे सारे गणित निकामी होते, म्हणून ती आपल्या अंतिम प्रमाणपत्रातच अट म्हणून यावी अशी माझी विनंती आहे.

या रचनेतील सर्वांत नाजूक जागा मात्र तळमजल्याच्या खोल्या आहेत. खोलीतला धूर दारातून बाहेर पडून गॅलरीच्या कडेवरून वर वळला, तर तो रुंद पडद्यासारखा पसरतो आणि भरपूर हवा ओढून घेतो. १ मेगावॅटची आग, ४ मीटर रुंदी, ३.५ मीटर छत आणि त्यावर ३ मीटर चढण धरली, तर:

```
m = 0.36 (Q W^2)^(1/3) (zb + 0.25 H)
  = 0.36 x 25.2 x 3.875 = 35.2 kg/s
V = 32 m3/s
```

म्हणजे आट्रियममधल्या दुप्पट आगीपेक्षा ही छोटी आग जास्त हवा मागते आणि २८.४ पुरत नाही. यावर उत्तर एकच: प्रत्येक खोलीच्या तोंडाशी जमिनीपर्यंत उतरणारा धूर-पडदा, जो खोलीतल्या डिटेक्टरच्या पहिल्या संकेतावर आणि वीज गेल्यावरही स्वतःच्या वजनाने खाली येईल. खोल्यांना वेगळे निष्कासन, स्प्रिंकलर आणि मागच्या बाजूने बाहेर पडण्याचा दरवाजा आहे. पडदे बसवून तपासले जाईपर्यंत ही सूट लागू होऊ नये, असे मीच सुचवतो.

धूर ओळखण्याचाही मुद्दा आहे. छत काचेचे आहे. तीन दुपारी मी तापमान मोजले. सर्वांत तापलेल्या दुपारी तळाशी ३१ अंश आणि काचेखाली ४४ अंश होते. अशा तापलेल्या हवेत साधारण १४५ किलोवॅटपेक्षा लहान आगीचा धूर छतापर्यंत पोहोचतच नाही, मध्येच थबकतो. छतावरचे डिटेक्टर तोवर गप्प राहतील. म्हणून ७ आणि १३ मीटर उंचीवर बीम डिटेक्टर लावले असून पंखे, दरवाजे आणि लूव्हर कोणत्याही एका डिटेक्टरच्या संकेतावर सुरू होतील. दरवाजे आणि लूव्हर पूर्ण उघडल्याची खूण मिळाल्यावरच पंखे पूर्ण वेगाला जातील.

यंत्रणा बसल्यावर आपल्या अधिकाऱ्यांसमोर गरम धुराची चाचणी घेऊ, एक पंखा बंद ठेवून आणि वीज तोडूनही. त्यात थर ६.५ मीटरच्या खाली आला, तर सूट रद्द समजावी आणि भोगवटा थांबवावा. पर्याय तयार आहे: तसे झाल्यास गॅलरीही काचेने बंद करू.

वरील पाच बाबी (२८.४ चे निष्कासन, राखीव पंखा, धूर-पडदे, बीम डिटेक्टर आणि आट्रियममधील सामानावरचे बंधन) एकत्रितपणे अट क्र. १४ ऐवजी मान्य कराव्यात, ही विनंती. पूर्ण गणित, नकाशे, पंख्यांची प्रमाणपत्रे व व्यवस्थापनाचे हमीपत्र सोबत आहे. पंख्यांची मागणी नोंदवणे मी आपल्या उत्तरापर्यंत थांबवले आहे. जागेवर पाहणीसाठी आपण सांगाल त्या दिवशी मी हजर राहीन.

आपला विश्वासू,
यांत्रिक अभियंता,
धूर-नियंत्रण रचना, ग्रंथालय प्रकल्प