नमुना संख्येचे समर्थन: बीड जिल्ह्यातील माध्यमिक शाळांमधील मानसिक आरोग्य कार्यक्रमाची क्लस्टर यादृच्छिक चाचणी (संशोधन आराखडा, विभाग ७)

७.१ रचना आणि मुख्य निष्पत्ती

चाचणीचे दोन गट आहेत. एका गटातील शाळांत प्रशिक्षित समुपदेशक इयत्ता नववीच्या एका तुकडीला वर्षभर जीवनकौशल्याची सत्रे आणि गरजेनुसार वैयक्तिक समुपदेशन देतील. दुसऱ्या गटात नेहमीचे शालेय कामकाज चालू राहील. वाटप शाळेच्या पातळीवर होईल, कारण एकाच शाळेतील दोन तुकड्यांना वेगवेगळ्या गटांत टाकले तर मधल्या सुट्टीतच कार्यक्रम इकडून तिकडे पोहोचेल.

मुख्य निष्पत्ती म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः भरलेल्या एसडीक्यू प्रश्नावलीचा एकूण अडचणींचा गुणांक (० ते ४०). पहिली मोजणी जुलैमध्ये, वाटपाआधी होईल. शेवटची मोजणी जानेवारीत उरकावी लागेल, कारण फेब्रुवारीपासून शाळा दहावीच्या बोर्ड परीक्षेत अडकतात.

७.२ किती फरक शोधायचा

दोन गटांच्या सरासरीत १.४ गुणांचा फरक शोधण्याची क्षमता चाचणीत असावी, असे ठरवले आहे. पूर्वचाचणीत प्रमाण विचलन ५.६ आले. त्यानुसार प्रमाणित परिणाम ०.२५ होतो.

हा आकडा आशावादी आहे, असा आक्षेप येऊ शकतो. युनायटेड किंगडममधील ८५ शाळांच्या मायरियड चाचणीत सर्व विद्यार्थ्यांसाठीच्या सजगता प्रशिक्षणाचा मानसिक आरोग्यावर फायदा दिसला नाही. दुसरीकडे, बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७४ शाळांच्या सेहेर चाचणीत एकाच कार्यक्रमाचे दोन वेगळे निकाल आले. स्वतंत्र समुपदेशकांनी राबवला तिथे फायदा झाला, शिक्षकांनी राबवला तिथे झाला नाही. आमचा कार्यक्रम पहिल्या प्रकारचा आहे, म्हणून ०.२५ ची अपेक्षा अवास्तव वाटत नाही. खरा परिणाम ०.१५ इतकाच असेल, तर तो पकडण्याची शक्यता जेमतेम निम्मी राहील. ही मर्यादा आम्ही जाणूनबुजून स्वीकारली आहे. तेवढ्या फरकासाठी समुपदेशकांचे मानधन कोणी नियमित अंदाजपत्रकात धरेल, असे आम्हाला वाटत नाही.

७.३ समूहांतर्गत सहसंबंध गुणांक

सगळ्या गणिताचा भार याच गृहीतकावर आहे. एका शाळेतली मुले एकाच गावची, एकाच वर्गशिक्षकाच्या हाताखालची असतात, त्यामुळे त्यांचे गुण काही प्रमाणात एकमेकांसारखे असतात. एकूण तफावतीपैकी किती भाग शाळा-शाळांमधला आहे, ते हा गुणांक सांगतो.

आमच्या पूर्वचाचणीत (६ शाळा, २४० विद्यार्थी) तो ०.०३४ आला. पण सहाच शाळांवरून काढलेल्या या आकड्याची ९५ टक्के विश्वास मर्यादा शून्यापासून ०.२५ पर्यंत जाते. म्हणजे तो जवळजवळ काहीच ठामपणे सांगत नाही, आणि फक्त त्याच्या आधाराने शाळांची संख्या कमी करणे चुकीचे ठरेल.

आम्ही ०.०५ गृहीत धरले आहे. शालेय मानसिक आरोग्याच्या चाचण्यांत नेहमी धरल्या जाणाऱ्या पट्ट्याच्या हे वरच्या टोकाला आहे आणि त्यामागे ठोस कारण आहे. प्रकाशित गुणांक बहुधा शाळेतील अनेक तुकड्यांवर काढलेले असतात. आम्ही शाळेमागे एकच तुकडी घेतो, त्यामुळे शाळेचा आणि तुकडीचा असे दोन्ही परिणाम एकाच आकड्यात मिसळतात. तालुका आणि शाळेचा आकार यांनुसार स्तरीकरण आणि पहिल्या मोजणीचे समायोजन यांमुळे गुणांक प्रत्यक्षात कमी व्हावा. तो लाभ मात्र गणितात धरलेला नाही, राखीव ठेवला आहे.

७.४ शाळेमागे विद्यार्थी आणि गळती

संमती आणि सहमती मिळून एका तुकडीतून ४५ विद्यार्थी नोंदवले जातील. शेवटच्या मोजणीला ३६ हाती राहतील, म्हणजे २० टक्के गळती. बीडमध्ये ही गळती सगळीकडे सारखी नसेल. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजूर कुटुंबे कारखान्यांकडे निघतात आणि जानेवारीत हंगाम भरात असतो. हंगामी वसतिगृह असलेल्या गावात मुले मागे राहतात, नसलेल्या गावात टोळीबरोबर जातात. धारूर किंवा वडवणीच्या एखाद्या शाळेत निम्मी तुकडी गायब होईल, तर शहरातल्या शाळेत फारसे कोणी जाणार नाही. म्हणून विश्लेषणातील क्लस्टर आकाराचा चलन-गुणांक ०.४ धरला आहे. स्थलांतरित विद्यार्थ्यांची मोजणी शक्य तिथे हंगामाच्या ठिकाणी जाऊन केली जाईल, पण या गणितात ती मोजलेली नाही.

७.५ गणना

द्विपुच्छी सार्थकता पातळी ५ टक्के, पॉवर ९० टक्के.

```r
d <- 1.4/5.6; m <- 36; cv <- 0.4; rho <- 0.05
n1 <- 2*(qnorm(.975)+qnorm(.90))^2/d^2
de <- 1+((1+cv^2)*m-1)*rho
n1*de/m
```

वैयक्तिक वाटप असते तर प्रत्येक गटात ३३७ विद्यार्थी पुरले असते. डिझाइन इफेक्ट ३.०४ येतो, त्यामुळे गरज १,०२२ विद्यार्थ्यांची, म्हणजे २९ शाळांची होते. टी-वितरणासाठी एक शाळा वाढवून ३०, आणि मध्येच बाहेर पडणाऱ्या शाळांसाठी दोन वाढवून प्रत्येक गटात ३२. एकूण ६४ शाळा, २,८८० विद्यार्थी.

शाळा कमी करून प्रत्येकीतून जास्त मुले का घेत नाही, हा प्रश्न रास्त आहे. त्याने प्रवासखर्चही वाचेल. पण ३० शाळांत प्रत्येकी ३६ ऐवजी ७२ विद्यार्थी घेतले तरी गटाची प्रभावी संख्या ३५५ वरून ४२१ वरच जाते. काम दुप्पट, माहिती एकोणीस टक्के जास्त. गुणांक ०.१० असेल तर कितीही मुले घेतली तरी ३० शाळांतून प्रभावी संख्या २५९ च्या वर जाऊच शकत नाही. म्हणून पैसा शाळांच्या संख्येवर खर्च केला आहे.

७.६ गृहीतक चुकले तर

गटामागे ३० शाळा विश्लेषणात राहिल्या, तर १.४ गुणांच्या फरकासाठी पॉवर अशी:

| सहसंबंध गुणांक | पॉवर |
|---|---|
| ०.०२ | ९९% |
| ०.०५ | ९१% |
| ०.०८ | ७९% |
| ०.१० | ७२% |

आणखी एक गुंता नेहमीच्या सूत्रात येत नाही. एक समुपदेशक दोन शाळा सांभाळणार आहे, म्हणून कार्यक्रमाच्या गटात शाळांच्या वरही एक पातळी तयार होते. एकाच समुपदेशकाच्या दोन शाळांतील सहसंबंध ०.०१ धरल्यास पॉवर ९१ वरून सुमारे ८९ टक्क्यांवर येते. हे आम्हाला मान्य आहे. विश्लेषणाच्या प्रारूपात समुपदेशकाची पातळी फक्त या गटासाठी घेतली जाईल.

पहिली मोजणी वाटपाआधी असल्याने तिच्यावरून गुणांक पुन्हा काढता येतो, आणि त्यासाठी कोणत्या शाळेला कोणता गट मिळणार हे कळण्याची गरज नाही. तो ०.०७ च्या वर गेला, तर प्रतीक्षा यादीतील ८ शाळांतही पहिली मोजणी करून त्या वाटपात घेतल्या जातील. गुणांक ०.०७ असताना या भरीने पॉवर ८३ वरून सुमारे ८७ टक्क्यांवर जाते. तो कमी आला तरी शाळा कमी केल्या जाणार नाहीत.

७.७ इतर निष्पत्ती

शाळेतील उपस्थिती आणि दादागिरीचा अनुभव या दुय्यम निष्पत्ती आहेत. मुली आणि मुलगे यांच्यातील फरक तपासण्याइतकी संख्या इथे नाही, त्यामुळे तो निष्कर्ष शोधक स्वरूपाचाच असेल. आत्महत्येच्या विचारांची नोंद सुरक्षेसाठी होईल, तिच्यावर परिणामकारकतेचा दावा केला जाणार नाही. प्रत्येक निष्पत्तीचा समूहांतर्गत सहसंबंध गुणांक, विश्वास मर्यादेसह, कॉन्सॉर्टच्या क्लस्टर चाचण्यांसाठीच्या विस्ताराप्रमाणे अंतिम अहवालात छापला जाईल.