प्र. ४ लीडर, चॅलेंजर, फॉलोअर, निचर: स्ट्रॅटेजी आणि कंपन्या (१० मार्कांचं उत्तर)

कंपनी लीडर आहे की छोटा कोनाडा धरून बसणारी निचर, हे तिच्या साइजवरून नाही ठरत, आपण मार्केट कुठलं धरतो त्यावर ठरतं. जळगावचीच जैन इरिगेशन घ्या. ठिबकचं मार्केट धरलं तर ती देशातली मोठी लीडर, रावेर-यावलच्या केळीच्या बागांत जाऊन बघा. पण शेतीला लागणारा सगळा माल, म्हणजे खतं, ट्रॅक्टर, बियाणं असं एकत्र मार्केट धरलं तर तीच निचर वाटते. म्हणून आधी मार्केट लिहितो, मग कंपनी. इथे टूथपेस्ट धरलंय.

लीडर कोलगेट. भारतात सुमारे निम्मं मार्केट तिच्याकडे आहे. लीडरची कामं तीन: एकूण मार्केट वाढवायचं, आपला शेअर सांभाळायचा, जमलं तर तो वाढवायचा. दहा रुपयांची ट्यूब खेड्यातल्या दुकानात लटकते ते पहिल्या कामासाठी, कारण राखुंडी-मशेरीवाला गिऱ्हाईक एकदा पेस्टवर आला की बहुतेक लीडरकडेच येतो. पतंजलीच्या दंतकांतीने आयुर्वेदिक बाजूने धक्का दिला तेव्हा कोलगेटने २०१६ मध्ये वेदशक्ती काढली, हा काउंटर-ऑफेन्सिव्ह डिफेन्स, म्हणजे उलट वार करून बचाव.

चॅलेंजरमध्ये दोन प्रकार दाखवले की उत्तराला वजन येतं. हिंदुस्तान युनिलिव्हरच्या पेप्सोडेंटने २०१३ मध्ये जाहिरातीत कोलगेटचं नाव घेऊन १३० टक्के जास्त जर्म अटॅक पॉवरचा दावा केला, प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं. हा फ्रंटल अटॅक, म्हणजे समोरासमोर, यात पैसा पाण्यासारखा जातो आणि समोरच्याकडे दुकानदारांचं जाळं मोठं असलं तर फार हाती लागत नाही. पतंजली आणि डाबर रेडने मात्र समोरून वार केलाच नाही, आयुर्वेदाच्या बाजूने शिरले, हा फ्लँक अटॅक, माझ्या मते जास्त शहाणपणाचा, कारण लीडरला आपल्याच व्हाइट पेस्टच्या विरोधात माल काढावा लागला.

फॉलोअरसाठी टूथपेस्टमध्ये चपखल नाव सापडत नाही, ओढूनताणून लिहिण्यापेक्षा टेलिकॉममधलं देतो. जून २०२४ च्या शेवटी जिओने रिचार्जची दरवाढ जाहीर केली, दुसऱ्या दिवशी एअरटेलने, आणि पाठोपाठ व्हीआयने. व्हीआय भांडण उकरत नाही, दर ठरवण्यात इतरांच्या मागे चालते. फॉलोअर म्हणजे नुसता कॉपी मारणारा नव्हे, जवळपास हुबेहूब उतरवणारा क्लोनर, थोडा फरक ठेवणारा इमिटेटर, बदल करून सुधारणारा अडॅप्टर असे प्रकार आहेत, आणि लीडर रिसर्चवर खर्च करतो तो याचा वाचतो.

निचर सेन्सोडाइन. थंड पाणी प्यायलं की दात झिणझिणतात, बस तेवढ्याच गिऱ्हाइकासाठी. किंमत जास्त, पण डेंटिस्टने नाव सांगितलं की माणूस भाव करत बसत नाही. धोका एकच: कोनाडा मोठा झाला की लीडर आत शिरतो, आणि कोलगेटची सेन्सिटिव्ह पेस्ट आहेच.