सगळ्यांचीच मुलं बघा: शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनातलं स्वागतपर भाषण

एक साथ...

(प्रेक्षकांतून: नमस्ते!)

नमस्ते, नमस्ते. मागच्या रांगेतल्या आजोबांचा आवाज पहिलीतल्या पोरांच्या वर गेला, ऐकलंत ना? आता खाली बसायला हरकत नाही.

व्यासपीठावर विराजमान आजच्या प्रमुख पाहुण्या, आपल्या संस्थेचे अध्यक्ष आणि विश्वस्त, मुख्याध्यापिका बाई, माझे सहकारी शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी, माजी विद्यार्थी, पालक, आजी-आजोबा, आणि या क्षणी विंगेत उभं राहून पडद्याच्या फटीतून आपली आई कुठल्या रांगेत बसलीय ते शोधणाऱ्या सगळ्या कलाकारांनो, शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात तुमचं मनापासून स्वागत.

आज ३ जानेवारी. सावित्रीबाईंची जयंती. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा तिथे जाऊन बसायला जेमतेम काही मुली तयार होत्या, आणि शिकवायला जाणाऱ्या सावित्रीबाईंच्या अंगावर लोक शेण फेकत होते. आज आपल्या या पटांगणात मुली किती आहेत ते मोजायचं मी सोडून दिलंय, कारण लेझीमच्या पथकात पाचवीच्या मुलांना जागा मिळावी म्हणून यंदा मुलांच्या वतीने अर्ज आला होता. अर्ज मंजूर झाला. चार मुलगे आहेत. ते कोण, ते तुम्हीच ओळखा.

आजच्या प्रमुख पाहुण्यांची रीतसर ओळख आमचे इतिहासाचे सर करून देणार आहेत, त्यांचा तो मान मी काढून घेत नाही. एवढंच सांगते की त्या आपल्याच शाळेच्या. केईएम रुग्णालयात परिचारिका म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. केईएम सुरू झालं १९२६ साली, म्हणजे यंदा त्याला शंभर वर्षं होतायत. या भागातल्या बऱ्याच जणांचा पहिला ट्याँहा तिथलाच. इथे बसलेल्यांपैकी काही जणांना तर मॅडमनीच पहिल्यांदा उचललं असेल. मॅडम, तुम्ही ज्यांना दुपट्यात गुंडाळलंत, ते आता आपल्या पोरांचे व्हिडिओ काढायला पहिल्या रांगेत बसलेत. तुमचं स्वागत.

पंधरा तारखेला महापालिकेची निवडणूक आहे, आचारसंहिता लागलेली आहे, त्यामुळे यंदा व्यासपीठावर एकही नेता नाही आणि मांडवाबाहेर एकही बॅनर नाही. जे कुणी खुर्चीवर बसलेत ते शाळेशी नातं असलेलेच आहेत. मला विचाराल तर दरवर्षीच अशी आचारसंहिता असायला हरकत नाही. असो. माईक माझ्या हातात आहे म्हणून बोलून घेतलं.

या निवडणुकीमुळेच तुमच्या मुलांचे शिक्षक गेले काही आठवडे दोन ठिकाणी आहेत. दिवसा प्रशिक्षण, मतदान केंद्रांच्या याद्या, आणि तिथून येऊन संध्याकाळी लेझीम. आमच्या गणिताच्या बाई काल प्रशिक्षणाहून थेट कोळीनृत्याच्या तालमीला उभ्या राहिल्या. हातात मतदान यंत्राची माहितीपुस्तिका, आणि तोंडाने 'एक दोन तीन, वल्हव!' सहकाऱ्यांनो, तुमचं स्वागत करायचं म्हणजे जरा विचित्रच वाटतं, सकाळी सातपासून तुम्ही इथेच आहात. तरीही टाळ्या होऊ द्या.

(टाळ्या)

आता आजी-आजोबा. तुमच्यासाठी डावीकडच्या खुर्च्या मुद्दाम राखून ठेवल्यात. तिथून जिना जवळ आहे, स्वच्छतागृह जवळ आहे आणि लाउडस्पीकरचा कर्णा लांब आहे. तुमच्यातल्या अनेकांनी गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावलं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि लालबाग-परळमधल्या घराघरांतला पगार थांबला. त्या वर्षी या शाळेत स्नेहसंमेलन होणार की नाही अशी चर्चा होती म्हणे. झालं. कपडेपट भाड्याने आणायला पैसे नव्हते, तेव्हा आयांनी लग्नातले शालू दिले, ते पडदे झाले. गोधड्या एकावर एक रचून सह्याद्री उभा केला. ही हकिकत मला सातवीतल्या एका मुलीच्या आजीने सांगितली. आजी समोरच बसल्यात. शालू परत मिळाला, पण त्याला खिळ्याचं भोक पडलेलं होतं, हेही त्यांनी सांगितलं. आजी, त्या भोकाबद्दल शाळेच्या वतीने आज जाहीर दिलगिरी.

पालकहो, तुम्ही कुठून कुठून आलात ते मला ठाऊक आहे. या भागात जन्मलात, पण घर आता बदलापूरला, दिव्याला, नालासोपाऱ्याला. पोरांना मात्र आजीकडे ठेवून इथेच शाळेत घातलंत. काही जण कामावरून तसेच आलात, पाठीला सॅक आहे, आत रिकामा डबा वाजतोय. त्यातून एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबरपासून बंद, म्हणजे प्रभादेवीहून येणाऱ्यांना टिळक पुलाचा नाहीतर करी रोडच्या पुलाचा वळसा. एवढं करून साडेपाचच्या आत खुर्ची धरलीत, त्याबद्दल आभार. जे अजून पुलावर अडकलेत त्यांच्यासाठी शेवटच्या दोन रांगा मोकळ्या ठेवूया, पिशव्या मांडीवर घ्या.

आणखी एका गोष्टीसाठी तुमचं वेगळं स्वागत करायला हवं. तुम्ही ठरवून मुलांना मराठी शाळेत घातलंत. नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी, ऑफिसमधल्या मित्रांनी 'काय रे, मराठी माध्यम?' असं विचारलं असेल, आणि तुम्ही प्रत्येक वेळी नव्याने उत्तर दिलं असेल. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला, तेव्हा आम्ही पेढे वाटले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात येऊन 'बाई, याने माझा खोडरबर घेतला' असं त्या भाषेत ओरडणारी मुलं तुम्ही पाठवलीत. शाळा त्यांच्यावर चालते.

आता माझी विनंती. मी आग्रहाने करणार आहे, रागावू नका.

दरवर्षी काय होतं ते मी विंगेतून बघते. पहिलीचं कोळीनृत्य संपतं आणि पहिल्या चार रांगा उठतात. आपलं पिल्लू घेतलं, मेकअप पुसला, गाडी पकडायला निघाले. मग तिसरीचं भारूड निम्म्या खुर्च्यांसमोर. आठवीची मुलं शेवटी येतात, आणि त्यांच्यापुढे असतात त्यांचे स्वतःचे आई-बाप, मी आणि मांडववाला. मांडववाला घड्याळ बघत असतो.

यंदा आठवीच्या मुलांनी नाटक स्वतः लिहिलंय. रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये एक कुटुंब लग्नाला निघतं आणि स्टेशनातच अडकतं, एवढीच गोष्ट. तालमीला मी आणि शिपाईमामा इतके हसलो की मुलांनी आम्हाला बाहेर काढलं. त्यातला जो मुलगा स्टेशनवरची घोषणा करतो, त्याचे आई-वडील आज येऊ शकणार नाहीत. बाबा पोलिसात आहेत, बंदोबस्तावर. आईची रात्रपाळी. त्याच्या घोषणेला टाळी कोण वाजवणार? तुम्हीच.

आणि चौथीच्या ऐतिहासिक प्रसंगात लोकमान्यांच्या पगडीकडे जरूर लक्ष द्या. पगडी आणली ड्रेसवाल्याकडून, पण तिथे मोठ्या माणसाच्याच मापाची होती. सकाळपासून ती लोकमान्यांच्या नाकावर येत होती. चित्रकलेच्या सरांनी आत कालच्या वर्तमानपत्राची घडी घातली, तरी सैल. मग दुसरी घडी. मग कापूस. आता बसलीय, पण मान हलवायची नाही अशी सक्त ताकीद आहे. त्यामुळे आजचे लोकमान्य डावी-उजवीकडे बघताना अख्खे वळतील. तो अभिनय नाही, नाइलाज आहे. हसलात तरी चालेल, पण वाक्य संपल्यावर हसा. पाठांतर त्याने फार मेहनतीने केलंय.

म्हणून म्हणते, स्वतःचं मूल बघायला आलात, ते तर बघाच. पण त्याच्या बाकावर शेजारी बसणारा कोण, ज्याच्या डब्यातली पोळी तुमचं मूल रोज खातं तो कोण, ज्याने ढकललं म्हणून गुडघा फुटला तोही कोण, हे सगळे आज एकाच रंगमंचावर आहेत. घरी ज्यांची नावं ऐकता, त्यांचे चेहरे आज बघून घ्या.

थोड्या सूचना. मोबाइल सायलेंटवर. व्हिडिओ काढायला उभं राहू नका, मागे आजी बसल्यात आणि त्यांना तुमच्या पाठीचं काही कौतुक नाही. आपले माजी विद्यार्थी उंचावरून सगळं चित्रीकरण करतायत, ते वर्गाच्या ग्रुपवर मिळेल. लहान मूल रडायला लागलं तर बिनधास्त रडू द्या, ही शाळा आहे, इथे रोजच कुणीतरी रडतं. रंगमंचावरून रडणाऱ्याला मात्र आईने खालून हाका मारू नयेत, तो आणखी रडतो, अनुभव आहे.

मध्यंतराला आपण मधली सुट्टीच म्हणणार. घंटा होईल, आणि ती शिपाईमामाच देणार, कारण इतकी वर्षं ती त्यांच्याशिवाय कुणी दिलेली नाही. बटाटेवडा आणि चहा नववीच्या वर्गात. रांग लावायची. पालकांनीसुद्धा. रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागतो, तो कायदाच आहे, म्हणून आपण साडेनऊला बक्षीस समारंभासकट आटोपणार. शेवटची गाडी कुणाचीही चुकणार नाही, तेव्हा ते कारण यंदा चालणार नाही.

चला, फार बोलले. विंगेतून दोन वेळा 'बाई, कधी?' असं विचारून झालंय, आणि लेझीमवाल्यांना आता आवरणं कठीण आहे.

दीपप्रज्वलन आणि सावित्रीबाईंच्या प्रतिमेला पुष्पहार अर्पण करण्यासाठी मी प्रमुख पाहुण्यांना, अध्यक्षांना आणि मुख्याध्यापिका बाईंना विनंती करते. सोबत यंदा शाळेतली सगळ्यात धाकटी विद्यार्थिनी, बालवर्गातली, आणि आपल्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ आजीही समई लावणार आहेत. आजींना कुणीतरी हात द्या, पायरी उंच आहे. मामा, तो उजवीकडचा पंखा बंद करा, वात टिकायची नाही. या मॅडम, या.