घनकचरा व्यवस्थापन अधिकारी पदासाठी अर्ज

दिनांक : १८ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
नगर पंचायत, राळेगाव,
जि. यवतमाळ

अर्जदार : कु. प्राजक्ता देविदास राऊत, मु. पो. वडकी, ता. राळेगाव, जि. यवतमाळ

विषय : घनकचरा व्यवस्थापन अधिकारी (कंत्राटी) या पदावर नियुक्ती मिळण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाची दि. ४ ऑगस्ट २०२५ रोजीची जाहिरात.

महोदय,

उपरोक्त संदर्भीय जाहिरातीस अनुसरून मी या पदासाठी माझा अर्ज सादर करीत आहे. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातून मी २०२२ मध्ये स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी प्रथम श्रेणीत प्राप्त केली असून त्यानंतरचा माझा कामाचा अनुभव तीन वर्षांचा आहे. पहिले वर्ष रस्ते व नाल्यांच्या बांधकामावर गेले आणि मे २०२३ ते जून २०२५ या काळात मी एका शहराच्या कचरा डेपोवरील जुन्या कचऱ्याच्या प्रक्रियेच्या कामावर साइट अभियंता होते. मराठी, हिंदी आणि इंग्रजी या तिन्ही भाषांतून कार्यालयीन पत्रव्यवहार करता येतो. शासनमान्य संगणक परीक्षा मी उत्तीर्ण आहे. वयाची व शैक्षणिक पात्रतेची अट मी पूर्ण करते.

या विषयाकडे मी वळले ती एका विहिरीमुळे, आणि ती हकिकत येथे थोडी विस्ताराने मांडण्याची परवानगी असावी, कारण माझ्या कामाची दिशा तिथेच ठरली. माझ्या आजोळच्या गावाबाहेर नाल्याच्या काठावर अनेक वर्षे कचरा टाकला जात होता आणि त्याच्या उताराला माझ्या मामांची विहीर होती. दरवर्षी मृगाच्या पहिल्या पावसानंतर त्या विहिरीच्या पाण्याला वास येई आणि पुढे महिनाभर ते पाणी जनावरेही तोंडी लावत नसत. अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी मी तोच प्रश्न घेतला. मे महिन्यात आणि पुन्हा जुलै महिन्यात त्या विहिरीचे व चढावरच्या दुसऱ्या एका विहिरीचे पाणी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तपासले. खालच्या विहिरीत क्लोराइड व एकूण विरघळलेले क्षार पावसानंतर स्पष्टपणे वाढलेले आढळले आणि वरच्या विहिरीत तसा फरक दिसला नाही. दोन विहिरी व एक हंगाम एवढ्यावर कोणताही नियम सिद्ध होत नाही, आणि जवळच्या गोठ्यांचाही त्यात वाटा असू शकतो, हे मी तेव्हाच्या अहवालातही नमूद केले होते. तरीही कारण समजून घेणे आवश्यक होते. ओली काळी माती पाणी सहजासहजी खाली जाऊ देत नाही, म्हणून काळ्या मातीवर टाकलेला कचरा सुरक्षित आहे असे आपल्याकडे मानले जाते. परंतु हीच माती चैत्र-वैशाखाच्या उन्हात भेगाळते, आणि पहिल्या पावसाचे पाणी माती फुगून भेगा मिटण्यापूर्वीच कचऱ्यातून झिरपलेली घाण घेऊन खालच्या मुरमापर्यंत व झिजलेल्या काळ्या पाषाणापर्यंत पोहोचते. विहिरीला पाणी याच थरातून येते.

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये भराव क्षेत्र नदीपासून १०० मीटर आणि तलाव, वस्ती, महामार्ग व पिण्याच्या पाण्याच्या विहिरींपासून २०० मीटर दूर असावे असे सांगितले आहे. हे अंतर आवश्यकच आहे. माझ्या मते आपल्या भागात त्याच्या जोडीला तळाची माती हाही तितकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. प्रक्रिया केंद्राचा ओटा बांधायचा तर वरची काळी माती पुरेशा खोलीपर्यंत काढून, मुरूम भरून व थराथराने दाबून मगच काँक्रीट टाकावे लागते. अन्यथा दोन पावसाळ्यांत ओट्याला तडे जातात आणि झिरपणारे पाणी गोळा करण्यासाठी काढलेली नाली उताराच्या उलट दिशेने वाहू लागते. रस्त्यांच्या कामावरील पहिल्या वर्षाचा उपयोग मला सर्वाधिक याच ठिकाणी झाला.

खत निर्मितीबाबत मला माझ्या चुकीतून शिकायला मिळाले. २०२३ च्या उन्हाळ्यात घरच्या वाडीत मी भाजीपाल्याचा ओला कचरा आणि शेण यांचा ढीग पुस्तकात सांगितल्याप्रमाणे लावला. सुरुवातीस त्याचे तापमान ५५ अंशांच्या वर गेले, नंतर ते खाली आले आणि कचऱ्याचा रंगही काळसर झाला, म्हणून खत तयार झाले असे मी समजले. जूनच्या पहिल्या सरीनंतर तोच ढीग पुन्हा तापू लागला. वैशाखातील उन्हाने त्यातील ओलावा संपला होता आणि त्यामुळे जिवाणूंचे काम केवळ थांबले होते, पूर्ण झाले नव्हते. तेव्हापासून खत परिपक्व झाल्याची खात्री मी नमुना ओला करून काही दिवस ठेवल्याशिवाय देत नाही. उन्हाळ्यात ढिगावर हिरवी जाळी आणि ओली पोती ठेवणे, ओलावा साधारण ५० ते ६० टक्के राहील असे पाणी देणे आणि त्यासाठी ओट्यावरून निथळलेले पाणीच परत वापरणे, ही पद्धत मी तेव्हापासून अनुसरते. ओल्या कचऱ्यात नत्र जास्त व कर्ब कमी असतो, म्हणून त्यात कोरडा काडीकचरा मिसळावा लागतो. आपल्या तालुक्यात तो विकत आणण्याची गरज नाही. पऱ्हाटी, तुराटी आणि सोयाबीनचे कुटार शेतकरी एरवी पेटवून देतात. कुट्टी यंत्रातून काढलेली पऱ्हाटी ढिगात हवा खेळती ठेवते, आणि त्या बोंडांत दडलेल्या बोंडअळीची ढिगाच्या उष्णतेत पुढील हंगामासाठी वाढ होण्याची शक्यता कमी होते, हा शेतकऱ्यांच्या दृष्टीने मोठा लाभ आहे. त्याबदल्यात शेतकऱ्याला तयार खत देता आले, तर पऱ्हाटी आणून देण्याचे त्यालाही कारण राहील.

जुन्या कचऱ्याच्या कामावर माझ्याकडे मोजणी, चाळणीयंत्राचा दैनंदिन अहवाल आणि कामगारांची सुरक्षितता ही तीन कामे होती. जुना कचरा उकरून त्याच्या लांब ओळी लावणे, जैविक द्रावण फवारून त्या ठरावीक दिवसांनी पलटणे, नंतर चाळून माती, दगड-विटा आणि जळाऊ प्लास्टिक-कापड वेगळे करणे, ही सगळी क्रिया मी रोज जवळून पाहिली. पहिल्या पावसाळ्यात एक गोष्ट लक्षात आली, ती म्हणजे भिजलेल्या कचऱ्याचे वजन वाढते आणि केवळ काट्यावरील वजनाने काम मोजले तर प्रत्यक्षात उचललेला कचरा कमी व देयक जास्त होते. मी टोटल स्टेशनने डेपोची पातळी घेऊन महिन्याच्या सुरुवातीचे व शेवटचे घनफळ काढण्याचा आग्रह धरला. सुरुवातीस त्यास विरोध झाला, परंतु नंतर दोन्ही मापे एकत्र तपासूनच मोजमाप पुस्तिकेत नोंद होऊ लागली. सार्वजनिक पैशाने होणाऱ्या कामात मोजमापाची नोंद स्वच्छ असणे, हे मी कचऱ्याच्या स्वच्छतेइतकेच महत्त्वाचे मानते.

कामगारांविषयी थोडे लिहिणे आवश्यक वाटते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा रबरी हातमोजे घालून सहा-सात तास वर्गीकरण करणे कोणालाही शक्य नसते आणि कामगार ते काढून ठेवतात. त्यांना केवळ रागावून काच व सुया हाताला लागणे थांबत नाही. आम्ही कामाची वेळ पहाटे साडेपाचपासून ठेवली, आतून सुती अस्तर असलेले हातमोजे घेतले आणि शेडमध्ये पाण्याचा माठ व बसण्याची जागा ठेवली. त्यानंतर हातमोजे वापरात राहिले. या कामगारांत बहुतांश महिला होत्या. घरगुती कचऱ्यात सॅनिटरी पॅड व डायपर उघडे येत, ते हाताने वेगळे करताना त्यांना होणारा त्रास मी पाहिला आहे. हा कचरा कागदात गुंडाळून देण्याची तरतूद २०१६ च्या नियमांत आहेच. ती घरोघरी सांगण्याचे काम महिला अधिकारी अधिक मोकळेपणाने करू शकेल, असे मला वाटते. भंगार वेचणाऱ्यांनाही नगर पंचायतीच्या व्यवस्थेत ओळखपत्रासह स्थान असावे, ही त्याच नियमांची अपेक्षा आहे. कोणता प्लास्टिक कुठे विकला जातो याचे ज्ञान त्यांच्याइतके कोणाकडेही नसते.

निवड झाल्यास कामाची सुरुवात मी यंत्रसामग्रीच्या मागणीने करणार नाही. १७ प्रभागांतील प्रत्येकी काही घरे, हॉटेल व दुकाने निवडून आठ दिवस रोजचा ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगवेगळा तोलून पाहीन. आठवडी बाजाराचा दिवस त्यात अवश्य असेल, कारण त्या दिवशीच्या ओल्या कचऱ्यासाठी वेगळी गाडी व वेगळी वेळ लागते. घंटागाडीत ओला व सुका कचऱ्याचे कप्पे वेगळे असूनही डेपोवर सर्व एकत्र रिकामे झाले, तर नागरिक पंधरा दिवसांत वर्गीकरण सोडून देतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. म्हणून पहिले लक्ष गाडी जिथे रिकामी होते तिथे राहील आणि त्यानंतरच मी प्रबोधनासाठी घरोघरी जाईन. १ जुलै २०२२ पासून बंदी असलेल्या एकल वापराच्या प्लास्टिक वस्तूंबाबत दंडाची कारवाई करावी लागेल, ती आधी ठोक विक्रेत्यांवर व्हावी आणि मग भाजीच्या टोपलीवर बसलेल्या बाईवर, असे माझे स्पष्ट मत आहे. तयार खताची प्रयोगशाळेतून तपासणी करून ते शासनाच्या ‘हरित महासिटी कंपोस्ट’ या नावाखाली विकण्याइतक्या प्रतीचे करण्याचा मी प्रयत्न करीन. त्यास किती अवधी लागेल हे ओल्या कचऱ्याच्या वर्गीकरणावर अवलंबून असल्याने आज तारखेचे आश्वासन देणे योग्य होणार नाही.

वडकीहून राळेगावला रोज ये-जा करता येत असली तरी या कामाची वेळ पहाटेची असल्याने नियुक्ती झाल्यास मी राळेगाव येथेच वास्तव्यास येईन. माझ्याकडे दुचाकी चालवण्याचा परवाना आहे. मागील नोकरीतून मी काम पूर्ण झाल्यावर रीतसर कार्यमुक्त झाले असल्याने आदेश मिळाल्यापासून सात दिवसांत रुजू होऊ शकेन.

तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार होऊन मला मुलाखतीची संधी मिळावी, ही नम्र विनंती. आजोळच्या विहिरीवरील प्रकल्प अहवालाची प्रत आणि डेपोवरील घनफळ मोजणीचा एक नमुना तक्ता मी मुलाखतीच्या वेळी सोबत आणीन. अर्जात दिलेली माहिती खरी असून ती चुकीची आढळल्यास माझी निवड रद्द करण्यात यावी, हे मला मान्य आहे.

आपली विश्वासू,

(स्वाक्षरी)
कु. प्राजक्ता देविदास राऊत

सोबत : पदवी प्रमाणपत्र व सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, दोन्ही ठिकाणची अनुभव प्रमाणपत्रे, संगणक परीक्षेचे प्रमाणपत्र, अधिवास प्रमाणपत्र, आधार कार्डाची साक्षांकित प्रत आणि संपर्क क्रमांकासह भरलेला विहित नमुना.