उपवास कुठे थांबतो

२९ जून २०२३ ला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आल्या. मिरजेत आमच्या गल्लीत त्या सकाळी मजेदार पेच झाला. आमच्या घरात अन्नाचा कण चालत नव्हता आणि समोरच्या चाचींना उपाशी राहणं चालत नव्हतं. ईदच्या दिवशी रोजा ठेवायला इस्लाममध्ये मनाई आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आई म्हणाली, "आज एक दिवस आमच्यासोबत धरा की उपास." चाची हसल्या. "आज उपाशी राहिले तर गुनाह लागेल हो. त्यापेक्षा तुमची खिचडी द्या." डबाभर घेऊन गेल्या.

तेव्हापासून कुठल्याही पंथाचे उपवासाचे नियम समोर आले की मी आधी सूट आणि मनाई शोधतो. कमी खा, हे सगळेच सांगतात आणि ते वाक्य कुठल्याही भाषेत जवळपास सारखंच निघतं. 'इथं थांब' हे मात्र प्रत्येकाने वेगळ्या जागी लिहिलंय.

आधी ताटाबद्दल, कारण आपल्याकडे उपवास म्हटलं की विषय ताटाचाच होतो. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण काही परक्यांनी आपल्यावर लादलेली नाही. साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतला. बटाटा, रताळं, शेंगदाणा आणि हिरवी मिरची यांची मुळंही अमेरिका खंडांतलीच. 'बटाटा' हा शब्दसुद्धा पोर्तुगीज. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळच्या एकादशीला आजच्या खिचडीतलं मिठाखेरीज फारसं काही नव्हतं. मग हे परदेशी पाहुणे सोवळ्यात शिरले कसे? व्रताच्या चर्चेत एक जुना श्लोक नेहमी येतो. आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही: पाणी, मूळ, फळ, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचं वचन आणि औषध. मूळ चालतं म्हटल्यावर कंदाला दार उघडंच होतं. धान्याची यादी जुनी, तिच्यात हे नवे नव्हते, म्हणून ते निषिद्धही नव्हते.

अशा पळवाटा काही आपलीच मक्तेदारी नाही. कॅथलिकांच्या लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळात, शुक्रवारी मांस वर्ज्य आणि मासे चालतात. व्हेनेझुएलात कॅपिबारा हा पाण्यात डुंबणारा गलेलठ्ठ प्राणी या हिशेबात माशांत मोडतो. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चने मात्र फट ठेवली नाही. उपवासात मांस, अंडी, दूध, लोणी सगळं बंद, दर बुधवारी आणि शुक्रवारी बंद, शिवाय मोठ्या सणांआधी आठवडेच्या आठवडे बंद. कडक पाळणाऱ्याचं निम्म्याहून जास्त वर्ष असंच जातं.

जैनांची गोष्ट वेगळीच. त्यांच्याकडे भुकेचं व्याकरण आहे. चौविहार म्हणजे सूर्यास्तानंतर पाणीही नाही. आयंबिल म्हणजे दिवसातून एकदा, तेही तूप-तेल, दूध-दही, गूळ-साखर काही नसलेलं बेचव अन्न. अठ्ठाई आठ दिवसांची, मासखमण महिन्याचं. वर्षीतपात वर्षभर एक दिवस उपवास, एक दिवस जेवण, आणि अक्षय्य तृतीयेला उसाच्या रसाने पारणं, कारण ऋषभदेवांचं पारणं त्यानेच झालं असं मानतात. एक दिवसाआडचा हाच क्रम इस्लामी परंपरेत दाऊदचा रोजा म्हणून येतो. पैगंबरांनी तो सर्वांत उत्तम म्हटला, आणि त्यापलीकडे जाऊ नका असंही सांगितलं. जैनांच्या शिडीवर जी एक पायरी आहे, ती तिथं छत आहे.

पण जैनांच्या सहा बाह्य तपांत मला सगळ्यांत अवघड वाटतं ते ऊनोदरी. भूक आहे त्याहून थोडं कमी खायचं आणि उठायचं. कुणाला कळत नाही, मिरवणूक निघत नाही, पारण्याला कुणी येत नाही. मासखमण करणाऱ्यांना मी पाहिलंय. चार घास शिल्लक ठेवून रोज ताटावरून उठणारा मात्र अजून भेटलेला नाही. भेटला असेल तरी ओळखू आला नसेल.

इथून दिसण्या-लपण्याचा प्रश्न सुरू होतो. येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलं की उपवास कराल तेव्हा चेहरे पाडून फिरू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, लोकांना कळू देऊ नका. याच्या अगदी उलट, पर्युषणानंतर तपस्व्यांची बँड लावून मिरवणूक निघते. मला पूर्वी ते खटकायचं. खालच्या मजल्यावरच्या भाभींनी समजावलं की तपाची अनुमोदना करणाऱ्यालाही पुण्य लागतं, म्हणून दाखवायचं. पटलं असं नाही, पण हे नुसतं मिरवणं नव्हे एवढं कळलं. ज्यूंच्या योम किप्पुरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, तर गंमत आहे. सुमारे २५ तास अन्नपाणी नाही, चामड्याचे जोडे नाहीत, आणि त्याच सकाळी सिनेगॉगमध्ये यशया संदेष्ट्याचा जो भाग वाचतात तो उपवासावरच तुटून पडतो: असला उपवास मला हवाय का? भुकेल्याला तुझी भाकर दे, दबलेल्यांना मोकळं कर. उपाशी माणसांना बसवून त्यांच्या उपवासाचीच झडती घेणारं हे वाचन ज्याने या दिवशी नेमलं, त्याला दाद द्यावीशी वाटते. कोकणातले बेने इस्रायली, म्हणजे आपले शनवार तेली, याच दिवसाला 'दरफाळणीचा सण' म्हणायचे. दारं लावून घेण्याचा सण. येशूने सांगितलेलं लपणं इतकं नेमकं कुणी मराठीत आणलं नसेल, आणि आणणारे होते ज्यू.

दारं लावणं निराळं आणि दार कायमचं सोडून जाणं निराळं. आपल्याकडे संन्यास घेणारा स्वतःचं श्राद्ध स्वतःच करतो आणि बाहेर पडतो. पण घर सुटलं तरी देह बरोबर येतोच, आणि त्याचं काय करायचं यावर सगळ्यांचीच ओढाताण झाली आहे. लाहोरच्या संग्रहालयात गांधार शैलीतली उपाशी बुद्धाची मूर्ती आहे. बरगड्या मोजता येतात, शिरा दोरीसारख्या वर आल्यात. पाली सुत्तांत बुद्ध स्वतः सांगतो की पोटाची कातडी धरायला गेलो तर पाठीचा कणा हाती लागायचा. ही वर्षं त्याने वाया गेलेली मानली. अन्न घेतलं तेव्हा बरोबरचे पाच तपस्वी त्याला सोडून गेले. पुढे भिक्खूंसाठी नियम झाला तो बेताचा: दुपारनंतर जेवायचं नाही. मूर्तिकाराला मात्र मोह झाला तो सोडून दिलेल्या उपवासाचाच.

सीरियात अलेप्पोजवळ पाचव्या शतकात सिमेऑन हा ख्रिस्ती साधू खांबावर सुमारे ३६ वर्षं राहिला. मराठीत बारा वर्षांना तप म्हणतात, त्या हिशेबाने तीन तपं. ऊन, पाऊस, खाली यात्रेकरूंची गर्दी. हा भक्तीचा खेळ आहे की अहंकाराचा, अशी शंका इतर साधूंना आली. त्यांनी निरोप धाडला, खाली उतर. निरोप्याला बजावलं होतं की तो हट्ट करील तर ओढून उतरवा, उतरायला लागला तर राहू द्या. सिमेऑनने लगेच पाय खाली टाकला, म्हणून त्याला वर राहू दिलं. देहदंडाची परीक्षा त्यांनी देहावर घेतलीच नाही. गीतेचा सूर याहून कोरडा आहे: फार खाणाऱ्याला योग नाही, मुळीच न खाणाऱ्यालाही नाही. आणि दुसऱ्या अध्यायात त्याहून बोचरी गोष्ट आहे. निराहारी माणसाचे विषय सुटतात, गोडी सुटत नाही. चतुर्थीला चंद्रोदयाची वेळ दहादा पाहणाऱ्याला यावर भाष्य नको.

मग तो उपवास, ज्याला पारणंच नाही. जैनांची सल्लेखना किंवा संथारा, म्हणजे मरेपर्यंत अन्न सोडणं. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये तो आत्महत्येच्या पंगतीत बसवला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. आमच्या भागात या वादाला एक चेहरा आहे. आचार्य शांतिसागरांनी १९५५ मध्ये कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली. दृष्टी जात चालली होती. पायाखाली काय येतं ते दिसेना, तर अहिंसा पाळायची कशी, हा त्यांचा प्रश्न होता. या व्रताचे दोष जिथे मोजलेत तिथे एक दोष आहे मरणाची इच्छा आणि दुसरा आहे जगण्याची इच्छा. म्हणजे लगाम दोन्हीकडून. तरी माझं मन इथं पूर्ण तयार होत नाही. म्हातारपणी, घरात, चार माणसांच्या कौतुकाच्या नजरेखाली 'आता पुरे' म्हणणाऱ्या माणसाचं मन कुणी तपासायचं?

आणि एक उपवास असा, की ज्याचा लगाम समोरच्याच्या हाती असतो. जुन्या आयर्लंडच्या कायद्यात मोठ्या माणसाकडून येणं वसूल करायचं तर त्याच्या दाराशी उपाशी बसायची रीत होती. आपल्याकडे तिला धरणं म्हणत. १८६० च्या दंडसंहितेने ते गुन्ह्यांत घातलं, शब्द मात्र मोर्च्यांत टिकला. २० सप्टेंबर १९३२ ला गांधीजी येरवड्यात उपोषणाला बसले, चार दिवसांत पुणे करार झाला. त्या खाटेच्या दुसऱ्या बाजूला बसलेल्या आंबेडकरांपुढे खरोखर कुठला पर्याय होता, हे विचारल्याशिवाय त्या उपोषणाबद्दल बोलू नये असं मला वाटतं. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण केलं ते विठ्ठलाचं देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून. ज्याच्यासाठी शतकानुशतकं एकादशी धरली, त्याच्याच दारासाठी. मणिपूरच्या इरोम शर्मिला लष्कराला विशेष अधिकार देणाऱ्या कायद्याविरुद्ध जवळजवळ सोळा वर्षं उपोषण करत राहिल्या आणि सरकार नळीने नाकातून अन्न घालत राहिलं. तिथे लगाम कुणाच्याच हाती उरला नाही.

सूट लिहिलेली असते, पण ती वापरतं कोण? रमजानमध्ये आजारी माणसाला, प्रवाशाला मोकळीक आहे. पाळीच्या दिवसांत बाईने रोजा ठेवायचाच नाही, नंतर भरून काढायचा. चाचींना मधुमेह आहे, मौलवींनी आणि डॉक्टरांनी दोघांनी सांगितल्यावर त्या रोज एका गरिबाचं जेवण देतात. तरी पहिल्या रोजाला दुपारपर्यंत त्या काही खात नाहीत, हे मला त्यांच्या सुनेकडून कळलं.

माझ्या आईलाही तोच आजार. गेल्या हरतालिकेला ती निर्जळ होती. संध्याकाळी हात थरथरायला लागले तेव्हा मी तो आठ गोष्टींचा श्लोक म्हणून दाखवला. औषधाने व्रत मोडत नाही, शास्त्रात आहे, गोळी घे.

"गोळीला पाणी लागेल," ती म्हणाली.

"त्या श्लोकात पहिला शब्दच पाण्याचा आहे."

तिने थोडा विचार केला. "तो एकादशीचा असेल," म्हणाली, आणि वाळूच्या पिंडीवर पत्री वाहायला उठली.