कूलरमध्ये पाणी ओतल्याबाबत

मी रुजू झालो 2 मे रोजी. 1 तारखेला महाराष्ट्र दिनाची सुट्टी होती, नाहीतर एक दिवस आधीच सेवेला लागलो असतो. कनिष्ठ सहाय्यक, तालुक्याचं कार्यालय, एसटी स्टँडपासून पायी दहा मिनिटं. बाबांनी गावात पेढे वाटले आणि निघताना मला एवढंच म्हणाले, "हापिसात रिकामा बसू नको. दिसन ते काम करजो." पुढचं सगळं त्यातूनच झालं.

पाच दिवसांचा आठवडा आल्यापासून कार्यालयाची वेळ पावणेदहाची. मी साडेनऊला दारात. हजेरीपट कपाटात, कपाटाची किल्ली मोठ्या बाबूंच्या खिशात आणि मोठे बाबू अकराच्या एसटीत. साडेदहानंतर सही करणाऱ्याच्या नावापुढे लाल रेघ पडायची, त्यामुळे रोज मला एक रेघ. मोठ्या बाबूंना मात्र कधीच नाही, कारण किल्ली आल्याशिवाय कार्यालयाचा दिवसच सुरू होत नसे. एवढा विचार करून आखलेली पद्धत मी आधी कुठं पाहिली नव्हती.

तिसऱ्या दिवशी बाहेर 45 डिग्री होतं. खिडकीला भलामोठा लोखंडी कूलर होता, खस कडक वाळलेली, आत पंखा गरगर फिरत भट्टीची हवा फेकत होता. टाकीत थेंब नव्हता. मला काम दिसलं. हातपंपावरून दोन बादल्या आणल्या आणि ओतल्या. पाच मिनिटांत खोलीत ओल्या खसाचा वास पसरला. बाकावर बसलेल्या एका शेतकरी काकांनी टोपी काढून डोळे मिटले.

शिपाईमामांचं तोंड मात्र उतरलं. "कोनाले विचारलं बाबू?"

"पानी टाकाले काय विचाराचं, मामा?"

"कूलर आस्थापनेचा, बादली आरोग्याची, हातपंप पानीपुरवठ्याचा. तिघांची ना-हरकत लागते ना बाप्पा!"

"मग आजवर कूलर कसा चालला?"

"चालला कुठी?" मामा म्हणाले.

9 तारखेला पत्र मिळालं, त्यावर तारीख 5 होती. 'आपण सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वपरवानगी न घेता शासकीय जडवस्तूमध्ये अंदाजे 30 लिटर द्रव पदार्थ ओतला आहे. आपणाविरुद्ध कार्यवाही का करण्यात येऊ नये, याचा खुलासा 24 तासांत सादर करावा.' 24 तास तीन दिवसांपूर्वीच संपले होते, म्हणून आधी विलंबमाफीचा अर्ज केला. मग चार पानी खुलासा लिहिला. हिरव्या पेननं लिहिला, तो परत आला. हिरवी शाई साहेबांची. निळ्यानं लिहिला. मुद्दा एकच होता, की गरम होत होतं.

त्यावर शेरा आला : 'गरम होत असल्याबाबत पुरावा जोडलेला नाही.'

हे मला पटलं. आपण म्हणतो म्हणून गरम होत नसतं. त्रिसदस्यीय समिती नेमली गेली. समितीनं आरोग्य विभागाकडून तापमापक मागवला. तो ताप मोजायचा, 42 पर्यंतच जाणारा. टेबलावर ठेवताच पारा टोकाला जाऊन टेकला. अहवालात आलं : 'मर्यादा ओलांडल्याने तापमान नोंदविता आले नाही. सबब, उष्णता आढळून आली नाही.'

समितीनं टाकीही तपासली. टाकी कोरडी होती, बारा दिवस झाले होते. आता गोष्ट गंभीर झाली. 30 लिटर जमा आणि शिल्लक शून्य. मी म्हणालो, पाणी उडालं. मोठे बाबू चष्मा वर करून म्हणाले, "उडालं म्हनजे खर्ची पडलं. खर्च पडला तं उपयोगिता प्रमाणपत्र पायजे. कोनाले थंडं लागलं, त्याची सही आना."

मला बाकावरचे काका आठवले. ते रोजच यायचे. रोजगार हमीतून त्यांना चार लाखांची सिंचन विहीर मंजूर झाली होती. खोदकाम 30 फुटांपर्यंत झालं होतं, पण कुशल कामाचं बिल अडकल्यामुळे बांधकाम बाकी होतं. पावसाआधी बांधलं नाही तर काळ्या मातीत काठ खचणार, हे ते प्रत्येक टेबलाला सांगत. कोणत्या सेवेला किती दिवस लागतात त्याचा, 2015 च्या कायद्याचा फलक भिंतीवर होता. पण तो कूलरच्या मागं गेला होता, आणि कूलर तर हलवता येत नव्हता.

"काका, त्या दिवशी थंड वाटलं ना? इथं सही करा."

"सही करतो ना बाबू. माह्यं बिल निघन काय?"

"फाइल चालू आहे," मी म्हणालो. खरंच चालू होती. मीच दोनदा तिच्यावर चहा ठेवला होता.

लाभार्थी मिळाला, पण खर्च टाकायला लेखाशीर्ष मिळेना. पाण्याचं एकच शीर्ष उघडं होतं, ते म्हणजे सिंचन विहिरींचं. मोठ्या बाबूंनी दोन दिवस विचार केला आणि माझी नस्ती काकांच्या नस्तीला नाडीनं बांधली. लाभार्थी एक, विषय पाणी. मी थक्क झालो. तीस वर्षांचा अनुभव असाच वाया जात नाही.

आता कूलरला विहिरीचे निकष लागू झाले. पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून विहीर 500 मीटरच्या आत नको, आणि आमचा माठ कूलरपासून चार फुटांवर. तांत्रिक सहाय्यकानं टेप लावला आणि मान हलवली. कूलर हलवता येत नव्हता, म्हणून माठ हलवला. तो बाजार समितीच्या पलीकडं, जिनिंगच्या भिंतीला ठेवला. तहान लागली की हालचाल नोंदवहीत नोंद करून जायचं. मे महिन्यात माणूस पाणी पिऊन परत येईपर्यंत पुन्हा तहानलेला असे, त्यामुळे काही सहकारी दिवसभर त्या रस्त्यावरच असत. कार्यालयात मी आणि काका उरायचो.

मग जिओ टॅग फोटो : कामापूर्वी, काम सुरू असताना, काम पूर्ण झाल्यावर. मी तीनही नीट काढले. तिसऱ्यासाठी मला रीतसर दोन बादल्यांची परवानगी मिळाली.

ती मिळाली त्याच्या आदल्या रात्री मृगाचा पाऊस आला. झोडपून आला. सकाळी काका चिखलानं भरलेल्या पायांनीच आले. रात्री काठ खचला होता. वीस फूट माती आत. ते जास्त बोलले नाहीत, बाकावर टेकले.

मोठ्या बाबूंनी दोन्ही नस्त्या पुढं घेतल्या. काकांची विहीर बुजली होती आणि कार्यालयाकडं सगळे निकष पूर्ण केलेली एक विहीर होती. साहेबांची हिरवी सही चार वाजता झाली. इतक्या लवकर झालेली सही मी तिथं पहिल्यांदाच पाहिली. माझ्यावरची कार्यवाही मिटली. पूर्णत्वाचा दाखला काकांच्या हातात देण्याचा मान मला मिळाला.

काकांना अक्षरं बारीक दिसत होती, म्हणून मी वाचून दाखवलं. 'विहीर पूर्ण. खोली दीड फूट. पाणी लागले.' खाली कूलरचा रंगीत फोटो होता.

काकांनी फोटो पाहिला, मग खिडकीकडं पाहिलं. बाहेर पाऊस पडत होता, गारवा होता, आणि कूलर भरून वाहत होता.

"मंग आता याले मोटार बसवू का, बाबू?"

"मोटारीचा अर्ज वेगळा असतो, काका," मी म्हणालो आणि कोरा फॉर्म काढून दिला. वायर आधीच ओढलेली असल्यामुळं तुमचं काम लवकर होईल, हेही सांगितलं.