सरावपत्रिका 6 : एका शब्दाचं कुटुंब
(इयत्ता आठवी, मराठी, शब्दसिद्धी)

कापूस वेचणीमुळे ज्यांचे तास बुडाले, त्यांच्यासाठी ही पत्रिका. वावरात जाऊनही सोडवता येईल, शब्द तिथलेच आहेत.

आधी हे वाचा

मूळ शब्द : पीक. आधी उपसर्ग लावू. सु + पीक = सुपीक, ना + पीक = नापीक. दोन्ही विशेषणं. सु- संस्कृतातला, ना- फारसीतून आलेला (नाराज, नापसंत आठवा), आणि दोघंही एकाच मराठी शब्दापुढे निवांत बसले आहेत. आता शेवटी प्रत्यय लावू. नापीक + ई = नापिकी, सुपीक + ता = सुपीकता. ही नामं. पीक + आऊ = पिकाऊ, हे पुन्हा विशेषण.

'पी' कधी ऱ्हस्व झाला ते पाहा : नापिकी, पिकाऊ. 'सुपीकता' लिहिताना मात्र दीर्घच. मागच्या चाचणीत अर्ध्या वर्गानं इथेच गुण घालवले.

'पीक'पासून क्रियाविशेषण शोधत बसू नका. प्रत्येक घरात सगळी नाती नसतात. ते नातं 'काळ'कडे आहे : अ + काल + ई = अकाली. 'फळं अकाली गळाली' इथे ते क्रियाविशेषण, 'अकाली मृत्यू' इथे विशेषण.

प्रश्न 1. कंसातल्या शब्दाला उपसर्ग, प्रत्यय किंवा दोन्ही लावून वाक्य पुन्हा लिहा. तयार झालेल्या शब्दाची जातही लिहा.

1. टेकडीकडचं वावर मुरमाड, (पीक) आहे.
2. सलग दोन वर्षं (पीक) झाली, म्हणून बाबांनी बैलजोडी विकली.
3. बोंडं फुटली अन् (काळ) पाऊस आला.
4. आजी 1972 साली (काळ) कामावर खडी फोडायला जायची.
5. काटा करणाऱ्यानं कापूस (प्रमाण) मोजला.
6. त्याच्या (प्रमाण) सगळ्या गावाचा विश्वास आहे.

प्रश्न 2. दुष्काळी, काळपट, सुकाळ, काळसर, अवकाळी. यातले दोन शब्द 'समय' या अर्थाच्या 'काळ'चे नातेवाईक नाहीत. ते शोधा आणि कारण सांगा.

प्रश्न 3. आपल्याकडे शेतकऱ्याला कास्तकार म्हणतात. त्यातला प्रत्यय ओळखा. त्याच शब्दाला आणखी एक प्रत्यय लावून नाम बनवा आणि घरी बोलता तसं एक वाक्य लिहा. वऱ्हाडी बोलीत लिहिलं तरी चालेल, गुण कापणार नाही.

उत्तरं (सोडवून झाल्यावरच पाहा)

प्र. 1 : नापीक (विशेषण), नापिकी (नाम), अवकाळी (विशेषण), दुष्काळी (विशेषण), प्रामाणिकपणे (क्रियाविशेषण), प्रामाणिकपणावर (नाम, 'वर' या शब्दयोगी अव्ययासह). प्रमाण + इक करताना 'प्र'चा 'प्रा' होतो, जसं समाज, सामाजिक.

प्र. 2 : काळपट, काळसर. हे 'काळा' रंगाच्या घरचे, आपल्या काळ्या मातीसारखे.

प्र. 3 : -कार, कास्तकारी. नमुना : 'औंदा कास्तकारीत काई उरलं नाई.'